टीव्हीचा पडदा बंद, आवाज चालू: घरच्या टीव्हीवर रेडिओ आणि गाणी ऐकण्याची रीत

बाबांना पहाटे साडेपाचला जाग येते आणि जाग आली की त्यांना आकाशवाणी लागते. गावच्या घरात ट्रान्झिस्टरला खरखर फार, म्हणून ते टीव्हीला जोडलेल्या फ्री डिशच्या बॉक्सवर रेडिओ लावतात. आवाज स्वच्छ येतो. पण रेडिओची वाहिनी लावली की ४३ इंची पडद्यावर निळं, स्थिर चित्र उभं राहायचं आणि सगळी खोली उजळून निघायची. शेजारीच झोपलेल्या आईची झोप मोडायची. मग बाबा टीव्हीवर टॉवेल टाकायचे. दिवाळीला गेलो तेव्हा मी तो टॉवेल उचलला, तर टीव्हीच्या पाठीमागच्या जाळीवर आलेला भाग चांगला गरम लागला.

टॉवेल टाकू नका, हे आधी सांगून ठेवतो. टीव्हीच्या आतली उष्णता मागच्या आणि वरच्या फटींतून बाहेर पडते, आणि कापडाने त्या फटी झाकल्या जातात. बहुतेक टीव्हींमध्ये पडदा बंद ठेवून आवाज चालू ठेवण्याची सोय असतेच. फक्त ती रिमोटवर दिसत नाही, सेटिंगमध्ये दोन-तीन पायऱ्या आत असते, आणि प्रत्येक कंपनीने ती वेगळ्या जागी ठेवली आहे.

काळा पडदा आणि बंद पडदा

यूट्यूबवर 'ब्लॅक स्क्रीन' नावाने तासन्‌तास चालणारी गाण्यांची आणि पावसाच्या आवाजाची चित्रफीत मिळते. पडदा काळा, म्हणजे टीव्ही बंद असल्यासारखाच, असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक घरांत असलेल्या एलईडी टीव्हीत तसं होत नाही. या टीव्हीत चित्र दाखवणारी काच वेगळी आणि तिच्यामागे दिव्यांची रांग वेगळी. त्या दिव्यांना बॅकलाइट म्हणतात. चित्र काळं असलं तरी मागचे दिवे जळतच असतात, काच फक्त तो उजेड अडवायचा प्रयत्न करते. काही टीव्ही काळ्या चित्राला दिवे आपोआप मंद करतात, पण साध्या टीव्हीत तेही होत नाही. वीज सगळ्यांत जास्त जाते ती या दिव्यांना.

हे घरी तपासणं सोपं आहे. रात्री खोलीतले सगळे दिवे घालवा, टीव्हीवर काळं चित्र लावा आणि पडद्याच्या कोपऱ्यांकडे पाहा. राखाडी झाक दिसली, तर बॅकलाइट चालू आहे. पडदा खरोखर बंद केल्यावर तीच जागा भिंतीइतकी काळी दिसते. आपण सेटिंग बरोबर लावलं की नाही, हे याच खुणेवरून ओळखायचं.

ओएलईडी टीव्हीत मागे दिवे नसतात, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. तिथे काळं चित्र म्हणजे जवळपास बंदच. पण अशा टीव्हीवर रेडिओ वाहिनीचं स्थिर चित्र रोज तासन्‌तास ठेवलं, तर त्याचा पुसट डाग कायमचा उमटण्याचा धोका असतो. म्हणून ओएलईडीवर रेडिओ ऐकणाऱ्याने पडदा बंद करण्याची सवय लावून घ्यावीच.

सोय कुठे सापडते

सेटिंगमध्ये शोधायची नावं तीन: `Picture Off`, `Screen Off` किंवा `Audio Only`. अर्थ एकच.

सॅमसंगच्या स्मार्ट टीव्हीत ही सोय `Accessibility` या विभागात असते. नव्या टीव्हीत `Settings`, मग `All Settings`, `General & Privacy`, `Accessibility` आणि शेवटी `Picture Off` असं जायचं. याहून जवळची वाट आवाजाच्या बटणावर आहे. रिमोटवरचं आवाजाचं बटण एक-दोन सेकंद दाबून धरलं की `Accessibility Shortcuts` ची यादी उघडते, आणि तिच्यात `Picture Off` असतं. रोज पहाटे सेटिंगमध्ये पाच पायऱ्या उतरण्यापेक्षा हे फार बरं.

एलजीमध्ये `Energy Saving` या नावाखाली पाहा. जुन्या वेबओएस टीव्हीत ते `Picture` च्या आत, नव्यात बहुधा `General` च्या आत असतं, आणि तिथे `Screen Off` निवडायचं. एलजीच्या बऱ्याच जुन्या, स्मार्ट नसलेल्या टीव्हींच्या रिमोटवर `ENERGY SAVING` असं बटणच असतं. ते पुन्हा पुन्हा दाबलं की कमी, मध्यम, जास्त असे टप्पे जातात आणि शेवटी `Screen Off` येतं. घरात असा टीव्ही असेल तर रिमोट एकदा निरखून पाहा.

सोनीत ही सोय `Picture off` या नावाने वीज किंवा `Eco` शी संबंधित सेटिंगमध्ये असते. अनेक अँड्रॉइड आणि गूगल टीव्हींमध्ये `Settings`, मग `System` किंवा `Device Preferences`, मग `Power` किंवा `Power & Energy` असं गेलं की `Sleep Timer`, `Picture Off`, `Switch Off Timer` आणि `No Signal Auto Power Off` अशी नावं खालोखाल दिसतात. बाबांचा टीव्ही या जातीचा आहे. आपल्याकडे कमी किमतीत विकले जाणारे पुष्कळ टीव्ही याच घडणीचे असल्याने नाव कुठल्याही कंपनीचं असलं तरी आधी इथे पाहावं. इथे नसेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये `Audio Only` शोधा.

एक नाव मात्र फसवं आहे. गूगल टीव्हीत `Energy saver` नावाच्या विभागात पडदा अमुक मिनिटांनी बंद करण्याची वेळ ठरवता येते. त्याचा आपल्या कामाशी संबंध नाही. ती वेळ झाली की सगळा टीव्ही झोपतो आणि आवाजही थांबतो. मी आधी हेच लावलं होतं. पंधरा मिनिटांनी बातम्या मधेच तुटल्या आणि बाबांना वाटलं, वीज गेली.

फ्री डिशवर रेडिओ: पायरी पायरीने

डीडी फ्री डिश २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. टीव्हीच्या वाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्या अनेक वाहिन्याही तिच्यावर येतात, विविध भारती त्यांतच. पुष्कळांकडे डिश आहे, पण रेडिओ आहे हे ठाऊक नसतं, कारण रेडिओची यादी टीव्हीच्या यादीत मिसळलेली नसते. बाबांसाठी मी लावून दिलेला क्रम असा:

१. टीव्ही आणि बॉक्स नेहमीसारखे चालू करा. बॉक्सच्या रिमोटवर `TV/RADIO` किंवा `TV/R` असं बटण असतं, ते दाबा. वाहिन्यांची यादी बदलते आणि रेडिओ वाहिन्या दिसू लागतात. एखाद्या बॉक्सवर हे बटण नसतं, तिथे मेनूत वाहिन्यांच्या यादीचा प्रकार बदलून रेडिओ निवडावा लागतो.

२. हवी ती वाहिनी लावा आणि तिचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. फ्री डिशच्या वाहिन्यांचे क्रमांक बॉक्सगणिक आणि पुन्हा शोध घेतल्यावर बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या घरचा क्रमांक उपयोगी पडत नाही. स्वतःच्या बॉक्सवरचाच लिहा. बाबांसाठी मी तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून बॉक्सशेजारी चिकटवले.

३. आवाज आधी जुळवून घ्या. टीव्हीचा आवाज मध्यमाच्या थोडा वर ठेवा आणि पुढे कमी-जास्त करायचं ते बॉक्सच्या रिमोटवरून करा.

४. आता टीव्हीचा रिमोट घेऊन `Picture Off` करा. पडदा काळा होतो, आवाज चालू राहतो.

५. टीव्हीचा रिमोट बाजूला ठेवून द्या. इथून पुढे फक्त बॉक्सचा रिमोट वापरायचा.

पाचवी पायरी मला दोन दिवसांच्या खटपटीनंतर सापडली, आणि सगळ्यांत जास्त उपयोग तिचाच झाला. पडदा बंद असताना टीव्हीच्या रिमोटचं कुठलंही बटण दाबलं की पडदा पुन्हा उजळतो. सॅमसंग आणि एलजीत आवाजाची बटणं याला अपवाद आहेत, बाबांच्या टीव्हीत तेवढीही सूट नाही. बॉक्सच्या रिमोटचा इशारा मात्र टीव्हीला कळतच नाही, तो बॉक्ससाठी असतो. म्हणून त्या रिमोटवर क्रमांक दाबून वाहिनी बदलली, आवाज वाढवला, तरी पडदा काळाच राहतो. बाबा आता अंधारात बोटांनी चाचपून क्रमांक दाबतात आणि विविध भारतीवरून प्रादेशिक बातम्यांवर जातात.

पडदा परत हवा असेल तेव्हा टीव्हीच्या रिमोटचं मधलं गोल बटण दाबायचं. पॉवरचं बटण दाबू नका. पडदा काळा दिसतो म्हणून टीव्ही बंद आहे असं समजून घरातलं कुणीतरी हमखास पॉवर दाबतं, आणि त्याने टीव्ही खरोखरच बंद होतो. शिवाय टीव्ही बंद करून पुन्हा लावला की पडदा नेहमीसारखा उजळतो. `Picture Off` रोज नव्याने द्यावं लागतं, वीज जाऊन आली तरी तेच.

यूट्यूबवरची गाणी

टीव्हीतल्याच ॲपवर गाणी ऐकताना ही युक्ती चालत नाही, कारण गाणं बदलायला टीव्हीचाच रिमोट लागतो आणि त्याने पडदा उजळतो. म्हणून जे ऐकायचं ते आधी ठरवावं. दोन तासांची प्लेलिस्ट लावा, पहिलं गाणं सुरू होऊ द्या, मधली जाहिरात आलीच तर ती संपू द्या आणि मग पडदा बंद करा.

यूट्यूब बराच वेळ कुणी रिमोटला हात लावला नाही तर मधेच थांबून पाहणं चालू ठेवायचं का, असं विचारतं. पडदा बंद असला की तो प्रश्न दिसत नाही, फक्त गाणं थांबलेलं कळतं. अचानक शांतता झाली तर इंटरनेटला दोष देण्याआधी मधलं बटण दाबून पडदा उजळवा, बहुधा तोच प्रश्न समोर असेल.

पडदा बंद केल्याने डेटा वाचत नाही, हे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आपल्याला चित्र दिसत नसलं तरी ते इंटरनेटवरून येतच राहतं. चित्रफीत चालू असताना दातेरी चाकाच्या खुणेवर जाऊन `Quality` मध्ये १४४ किंवा २४० निवडलं की खर्च बराच उतरतो. नुसता आवाज किती कमी जागा घेतो त्याचा हिशेब करून पाहा. १२८ केबीपीएसचं रेडिओ प्रक्षेपण तासाला साधारण ५८ एमबी घेतं, आणि १०८० च्या चित्राला त्याच तासात त्याच्या वीसपटीहून जास्त लागतं. त्यामुळे डेटा मोजून वापरणाऱ्याने टीव्हीवर गाण्यांची चित्रफीत लावण्यापेक्षा नुसत्या आवाजाचं ॲप किंवा डिशचा रेडिओ निवडावा.

वीज किती वाचली, ते घरच्या मीटरवर मोजा

टीव्हीच्या खोक्यावरच्या आकड्यांवरून हे नीट कळत नाही, पण घरच्या वीज मीटरवर पंधरा मिनिटांत मोजता येतं. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ, तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आकडा तुमच्या मीटरवर वेगळा असू शकतो, तो वाचून घ्या.

फ्रिज, पंखे, दिवे, पाण्याचा पंप, चार्जर असं सगळं बंद करा. फक्त टीव्ही आणि बॉक्स चालू ठेवा. मग दिव्याच्या दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते घड्याळावर मोजा. एकच मोजून चुकायला होतं, म्हणून दहा लुकलुकींना लागणारा वेळ मोजून दहाने भागा. ३२०० च्या मीटरसाठी ११२५ ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात.

बाबांकडे पडदा चालू असताना दहा लुकलुकींना १५० सेकंद लागले. म्हणजे एकीला १५, आणि ११२५ भागिले १५ म्हणजे ७५ वॅट. पडदा बंद केल्यावर दिवा इतका हळू लुकलुकायला लागला की मला आधी वाटलं मीटर थांबला. एकीला ५६ सेकंद, म्हणजे साधारण २० वॅट. यात बॉक्सही धरलेला आहे. फरक ५५ वॅटचा. बाबा रोज तीन तास ऐकतात, तर दिवसाला १६५ वॅट-तास आणि महिन्याला जवळपास ५ युनिट वाचतात.

मग मी दुसराही हिशेब मांडला. पडदा काळा, आवाज बारीक, आणि रात्री ऐकता ऐकता झोप लागली, तर टीव्ही सकाळपर्यंत चालूच राहतो. २० वॅट गुणिले ८ तास म्हणजे १६० वॅट-तास. दिवसभरात वाचवलेली सगळी वीज एका विसरलेल्या रात्रीत गेली. म्हणून रात्री ऐकणाऱ्याने पडदा बंद करण्याच्या आधी `Sleep Timer` लावावा, ३० किंवा ६० मिनिटांचा. क्रम हाच ठेवा. आधी पडदा बंद केला, तर टायमर लावायला रिमोट हातात घेताच तो उजळतो. टायमरने टीव्ही बंद झाला तरी बॉक्स चालूच राहतो, तेव्हा तो सकाळी आठवणीने बंद करा.

टीव्ही चालू आहे की बंद, हे अंधारात त्याच्या खालच्या बारीक दिव्यावरून कळतं. पुष्कळ टीव्हींत बंद असताना हा दिवा लाल असतो आणि चालू असताना विझतो. पडदा काळा आणि दिवाही विझलेला, म्हणजे टीव्ही चालू आहे. तुमच्या टीव्हीत उलटही असेल, म्हणून दिवसा एकदा दोन्ही करून पाहा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

सोयच नसेल तर

काही स्वस्त टीव्हींमध्ये वरच्या तीनपैकी एकही नाव सापडत नाही. तिथे चित्राच्या सेटिंगमध्ये `Backlight` शोधा आणि ते शून्यावर आणा. `Brightness` कमी करून काम होत नाही. जिथे ही दोन्ही नावं वेगवेगळी दिसतात, तिथे `Brightness` ने चित्र काळपट होतं, पण मागचे दिवे तेवढेच जळत राहतात. शून्यावरही पडदा पूर्ण विझत नाही, मंद उजेड राहतो. तरी निजलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येत नाही इतपत होतो, आणि मीटरवर मोजलं तर फरकही दिसतो. यासाठी चित्राच्या प्रकारांपैकी एक, समजा `User`, फक्त रेडिओसाठी राखून ठेवा. बॅकलाइट त्यातच शून्य करा आणि नेहमीचं पाहायला `Standard` वर या.

दुरुस्तीवाल्यांसाठी असलेल्या छुप्या मेनूत शिरून पडदा बंद करण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्या करू नका. तिथला एखादा आकडा चुकून बदलला तर पडदा उलटा होणं, रंग जाणं असे प्रकार होतात आणि मूळचे आकडे लिहून ठेवलेले नसतात.

आणि घरात चालू स्थितीतला रेडिओ असेल, वाहिनीही नीट लागत असेल, तर टीव्ही लावूच नका. रेडिओला एक-दोन वॅट पुरतात, टीव्हीला पडदा बंद ठेवूनही वीस लागतात. बाबांकडे टीव्ही लागतो तो आकाशवाणी स्वच्छ ऐकू यावी म्हणून. मी निघालो त्या दिवशी पहाटे उठून पाहिलं, तर खोलीत अंधार होता, आई गाढ झोपलेली होती आणि बाबा पलंगाच्या कडेला बसून बातम्या ऐकत होते. टॉवेल दोरीवर वाळत होता.